उताऱ्यावरचं अनुमान आणि लेखकाचा सूर: चुकीचा पर्याय का पटला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या एका अभ्यासिकेत दर रविवारी आम्ही काही जण मागच्या वर्षांचे उतारे घेऊन बसतो. आठवडाभर मला फोनवर प्रश्न येत राहतात, आणि त्यातले बरेचसे तेच ते असतात. म्हणून ते एकदाच, सविस्तर लिहून ठेवते. हे सगळं मुख्यतः राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरसाठी, म्हणजे सीसॅटसाठी आहे.

१. ताई, अनुमानाचा प्रश्न म्हणजे नेमकं काय? उताऱ्यात सरळ लिहिलेलं तर तो विचारतच नाही.

उताऱ्यात शब्दशः लिहिलेलं नसतं, पण उतारा मान्य केला की जे नाकारताच येत नाही, ते अनुमान. या वाक्यातला 'नाकारताच येत नाही' हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. 'असंही असू शकेल' हे अनुमान नव्हे. पर्याय उलटा करून बघा. उलटा केलेला पर्याय उताऱ्यातल्या एखाद्या वाक्याशी भांडला, तर मूळ पर्याय बरोबर. उलटा पर्यायही उताऱ्याशेजारी सुखाने नांदत असेल, तर मूळ पर्याय कितीही शहाणपणाचा वाटला तरी सोडून द्या.

म्हणूनच बरोबर उत्तर बऱ्याचदा बेचव वाटतं. ते फार थोडं बोलतं, आणि थोडं बोलणाऱ्या वाक्यालाच उताऱ्याचा पूर्ण आधार मिळतो.

२. एखादा उतारा घेऊन पूर्ण सोडवून दाखवाल का?

दाखवते. आयोगाच्या धाटणीचा हा उतारा मी सरावासाठी लिहिला आहे. विषय मुद्दाम आपल्याकडचा घेतला आहे, त्याचं कारण प्रश्न ४ मध्ये येईल.

*कोल्हापूर परिसरातील अनेक गुऱ्हाळे गेल्या काही वर्षांत बंद पडली. साखर कारखान्यांकडून उसाला मिळणारा हमीचा दर आणि गुऱ्हाळावरील मजुरांची टंचाई ही कारणे सामान्यतः सांगितली जातात. ती खोटी नाहीत. परंतु रंगाकडे पाहून गुळाचा भाव ठरवण्याची बाजाराची सवय याला कमी जबाबदार नाही. फिकट पिवळा गूळ अधिक भावाने जात असल्याने अनेक उत्पादकांनी रसायनांचा वापर वाढवला आणि त्यामुळे काही ग्राहक दुरावले. सेंद्रिय गुळाची मागणी वाढत आहे हे खरे. पण गडद रंगाच्या या गुळाला बाजारात अजून वेगळी जागा मिळालेली नाही. ती मिळाली, तर काही गुऱ्हाळे तरी पुन्हा पेटतील, अशी आशा बाळगायला जागा आहे.*

प्रश्न: वरील उताऱ्यावरून कोणते अनुमान काढता येईल?
(१) मजुरांची टंचाई हे गुऱ्हाळे बंद पडण्याचे खरे कारण नाही.
(२) आरोग्यास हितकारक असल्याने सेंद्रिय गुळाची मागणी वाढत आहे.
(३) भाव ठरवण्याच्या बाजाराच्या पद्धतीचा उत्पादकांच्या निर्णयांवर परिणाम होतो.
(४) सेंद्रिय गुळाला वेगळी बाजारपेठ मिळाल्यास बंद पडलेली गुऱ्हाळे पुन्हा सुरू होतील.

उत्तर (३). ते उलटं करून बघा: 'भावाच्या पद्धतीचा उत्पादकांवर परिणाम होत नाही.' लगेच 'अधिक भावाने जात असल्याने अनेक उत्पादकांनी रसायनांचा वापर वाढवला' हे वाक्य आडवं येतं. 'असल्याने' या एका शब्दाने उत्तर पक्कं केलं.

(१) का खुणावतो? उताऱ्यात 'परंतु' आलं की आपण आधीचं सगळं खोडून टाकतो. इथे मात्र लेखकाने आधीच 'ती खोटी नाहीत' असं बजावलं आहे. 'परंतु'ने जुनी कारणं काढली नाहीत, त्यांच्याशेजारी एक नवं कारण आणून बसवलं.

(२) मध्ये 'मागणी वाढत आहे' हा भाग उताऱ्यातला आणि 'आरोग्यास हितकारक' हा आपल्या घरातला. अर्धा भाग ओळखीचा निघाला की उरलेला अर्धा आपण न तपासता आत घेतो.

(४) वर सगळ्यात जास्त मुलं अडकली. कागलहून एसटीने येणारी आमची एक मैत्रीण तर हट्टाने म्हणाली, "हे उताऱ्यातलं शेवटचं वाक्यच आहे की!" मी तिला ते वाक्य बोट ठेवून मोठ्याने वाचायला लावलं. 'काही गुऱ्हाळे तरी'पाशी ती थांबली. पर्यायात 'काही' नाही, 'तरी' नाही, 'आशा'ही नाही. लेखकाने तीन ठिकाणी राखून बोललेलं वाक्य पर्यायाने बिनशर्त करून टाकलं आहे.

३. चुकलेला प्रश्न तपासताना उत्तर बघितलं की 'अरे हो, बरोबर' असं वाटतं आणि मी पुढे जाते. पुढच्या पेपरात पुन्हा तशीच चूक. काय करू?

'अरे हो' वाटलं याचा अर्थ बरोबर उत्तर कळलं, इतकाच. आपण चुकीच्या पर्यायाला का भुललो हे त्यातून कळत नाही, आणि पुढच्या पेपरात तीच ओढ दुसऱ्या वेषात येते. म्हणून उजळणी चुकीच्या पर्यायाची करायची.

आमच्या वहीत एकच काम असतं: मी निवडलेला चुकीचा पर्याय बरोबर ठरावा, यासाठी उताऱ्यात कमीत कमी कोणते शब्द बदलावे लागतील? ते शब्द खोडून वर नवे लिहायचे, अगदी पेन्सिलने, उताऱ्यावरच.

वरच्या (४) साठी 'काही गुऱ्हाळे तरी' खोडून 'बंद पडलेली गुऱ्हाळे' आणि 'पेटतील, अशी आशा बाळगायला जागा आहे' खोडून 'पेटतील हे निश्चित आहे' असं लिहावं लागतं. जे शब्द खोडावे लागले, नेमके तेच तुम्ही वाचताना गाळले होते. (२) साठी काही खोडावं लागत नाही, 'आरोग्याच्या जाणिवेमुळे' असं नवं काहीतरी घुसडावं लागतं. आणि (१) साठी 'ती खोटी नाहीत' हे अख्खं वाक्य काढून टाकावं लागतं.

आता हे तीन प्रकार वेगळे दिसतील. शब्द खोडावा लागला तर तुम्ही मर्यादा घालणारे शब्द सोडून वाचता. नवं घालावं लागलं तर स्वतःकडची माहिती मिसळता. वाक्यच काढावं लागलं तर एक वाक्य तुमच्या नजरेतून निसटलं आहे, आणि ते बहुतेक वेळा छोटं वाक्य असतं. वहीत प्रत्येक चुकीपुढे 'खोडलं', 'घातलं' किंवा 'काढलं' इतकाच शेरा लिहा. आठ-दहा उतारे झाले की कोणता शेरा वारंवार येतो ते दिसतं. कागलच्या मैत्रिणीच्या वहीत बहुतेक 'खोडलं'च निघालं. त्यानंतर तिने एकच सवय लावून घेतली: 'काही', 'बहुधा', 'तरी', 'अजून', 'शक्यता', 'सामान्यतः' हे शब्द पहिल्याच वाचनात गोल करायचे.

पाच प्रश्नांच्या एका उताऱ्याला या पद्धतीने पाऊण तास सहज लागतो. तो लागू द्या. दिवसाला चार उतारे सोडवून नुसतं उत्तर ताडून बघण्यापेक्षा एक उतारा असा उसवलेला मला जास्त मोलाचा वाटतो.

४. माहितीतला विषय आला की उलट जास्त चुका होतात. असं का?

कारण तेव्हा तुमच्या हातून 'घातलं' हा प्रकार होतो. आपल्याकडे पुराचा उतारा घेतला की हे हमखास दिसतं. चिखली-आंबेवाडीकडच्या मुलांनी २०१९ आणि २०२१ चा पूर अंगणात बघितला आहे. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे त्यांना तोंडपाठ असतं. उतारा जर फक्त पूररेषेतल्या बांधकामांबद्दल बोलत असेल आणि एका पर्यायात 'धरणांतील विसर्गामुळे पुराची तीव्रता वाढते' असं आलं, तर अलमट्टीवरून घरोघरी झालेली चर्चा आठवते आणि हात तिकडे जातो. विधान जगात खरं असेल, खोटं असेल, वादाचं असेल. उताऱ्याने तो विषय काढलाच नसेल, तर ते अनुमान नाही.

अशा उताऱ्यात माझी एक सवय आहे. पर्याय वाचून 'हो, खरंय' असं मनात आलं की लगेच उताऱ्यातल्या ओळीवर बोट ठेवायचं. बोट ठेवायला ओळ सापडली नाही, तर ते 'खरंय' तुमच्या गावातून आलं आहे.

५. अनुमान आणि गृहीतक यांत माझा कायम गोंधळ होतो.

अनुमान उताऱ्यानंतर येतं, गृहीतक उताऱ्याच्या आधी असतं. दोन्हींत पर्याय उलटा करायचा, फक्त बघायचं वेगळं असतं. अनुमान उलटं केलं की ते उताऱ्यातल्या विधानाशी भांडतं (प्रश्न १). गृहीतक उलटं केलं की लेखकाचा युक्तिवाद कोसळतो.

गुळाच्या उताऱ्यात लेखक म्हणतो की गडद गुळाला वेगळी जागा मिळाली तर काही गुऱ्हाळे पेटतील. यामागे त्याने धरून चाललेली गोष्ट अशी: निदान काही गुऱ्हाळवाले पुन्हा धंदा सुरू करायच्या स्थितीत आहेत. हे उलटं करा, म्हणजे 'एकही गुऱ्हाळवाला पुन्हा सुरू करू शकत नाही' असं धरा, की आशेचा पायाच जातो. हे गृहीतक. ते उताऱ्यातल्या विधानांवरून सिद्ध होत नाही, लेखक त्यावर उभा असतो.

६. लेखकाचा सूर कसा ओळखायचा? सगळेच पर्याय थोडेथोडे बरोबर वाटतात.

विषय दुःखद आहे म्हणून सूर दुःखद, असं धरू नका. सूर विषयात नसतो, तो लेखकाच्या शब्दनिवडीत असतो, आणि मराठीत तर बऱ्याचदा एखाद्या चिमुकल्या अव्ययात असतो. ही चार वाक्यं मोठ्याने वाचा:

समितीने अहवाल दिला.
समितीने अहवाल दिला म्हणे.
समितीने एकदाचा अहवाल दिला.
समितीने अहवाल तरी दिला.

घटना एकच. पहिल्यात लेखक नुसतं नोंदवतो, सूर वस्तुनिष्ठ. दुसऱ्यात 'म्हणे'ने त्याने स्वतःला बाजूला घेतलं, सूर साशंक. तिसऱ्यात उशीर झाल्याचा वैताग आणि सुटका दोन्ही आहेत. चौथ्यात फारसं काही झालं नाही, पण एवढं तरी झालं, असं उणं समाधान आहे. 'म्हणे', 'च', 'तरी', 'निदान', 'का होईना', 'मात्र' या शब्दांवर खूण करत गेलात की सूर निम्मा हाती येतो. आपण हे शब्द घरी दिवसभर वापरतो आणि कानाने अचूक ओळखतो. परीक्षेत डोळे त्यांच्यावरून घसरतात, म्हणून सरावात उतारा एकदा तरी ओठ हलवून वाचा.

आता गुळाच्या उताऱ्याचा सूर बघू. पर्याय असे समजा: (१) हताश (२) सावधपणे आशावादी (३) तटस्थ (४) कठोर टीकात्मक. (४) खुणावतो, कारण बाजाराच्या सवयीवर टीका खरंच आहे. पण 'कमी जबाबदार नाही' हे कठोर बोलणं नव्हे. ते आडून, मोजून केलेलं विधान आहे. नाम बरोबर आणि विशेषण जास्तीचं, असा हा पर्याय. सुराच्या प्रश्नात विशेषण आधी तपासा: 'कठोर', 'तीव्र', 'पूर्णतः' यांच्या तोलाचा शब्द उताऱ्यात आहे का? (१) सुरुवातीच्या 'बंद पडली'मुळे मनात येतो, पण शेवटच्या वाक्यापर्यंत टिकत नाही. (३) म्हणावं तर लेखकाने बाजू घेतली आहे, आशाही व्यक्त केली आहे. आणि 'काही… तरी', 'जागा आहे' यांत आशा आहे, पण हात राखून. म्हणून (२).

उजळणीची रीत इथेही तीच, प्रश्न ३ मधली. 'कठोर टीकात्मक' खरं करायला 'कमी जबाबदार नाही'च्या जागी 'हीच सवय या धंद्याच्या मुळावर उठली आहे' असं काहीतरी लिहावं लागेल, आणि शेवटची आशाही पुसावी लागेल. इतकं बदलावं लागतं, हे एकदा हाताने लिहिलं की सुराची तीव्रता मोजता यायला लागते.

७. उताऱ्यात लेखक आधी दुसऱ्याचं मत सांगतो. तेव्हा सूर कोणाचा धरायचा?

लेखकाचा. 'असे मानले जाते', 'समर्थकांच्या मते', 'सामान्यतः सांगितले जाते' यानंतरचं बोलणं परक्याचं असतं. उताऱ्याच्या बाजूला अशा ओळींपुढे 'ते' आणि लेखकाच्या ओळींपुढे 'मी' असं लिहून बघा. सूर विचारला की फक्त 'मी'च्या ओळी वाचायच्या. मात्र एक अपवाद आहे. लेखक कधी परकं मत सांगून 'ते खोटे नाही' म्हणतो, तेव्हा ती ओळही 'मी'मध्ये येते. गुळाच्या उताऱ्यात अगदी हेच झालंय, आणि प्रश्न २ मधला पर्याय (१) त्याच जागी फसवतो.

८. काही उताऱ्यांचं मराठी इतकं अवघड असतं की सूर लागतच नाही.

जे उतारे दोन्ही भाषांत दिलेले असतात, त्यांत मराठी मजकूर भाषांतरित वाटेल असा असू शकतो. अशा मराठीत 'म्हणे', 'एकदाचा' यांसारखे शब्द कमीच सापडतात, त्यामुळे प्रश्न ६ मधली खूण कामाला येत नाही. तिथे जोडणाऱ्या शब्दांवर भर द्या: 'तथापि', 'असे असूनही', 'दुर्दैवाने', 'कदाचित'. अडलेल्या एका वाक्यापुरतं किंवा सुराच्या पर्यायातल्या एका शब्दापुरतं शेजारच्या इंग्रजी मजकुरात डोकवा. अख्खा उतारा दोनदा वाचायला ८० प्रश्नांच्या त्या दोन तासांत वेळ नसतो.

९. जुने उतारे सोडवून झालेत, उत्तरं पाठ झालीत. आता त्यांचा काय उपयोग?

पाठ झाल्यावरच खरा उपयोग. आता सोडवू नका, प्रश्न ३ मधला खोडाखोडीचा सराव तिन्ही चुकीच्या पर्यायांवर करा, ज्यांनी तुम्हाला कधीच फसवलं नाही त्यांच्यावरही. पुढची पायरी म्हणजे जुन्याच उताऱ्यावर स्वतः एक फसवा पर्याय लिहून शेजारच्याला द्यायचा. आमच्याकडे दोघं-दोघं असं करतात. दुसऱ्याला फसवायला नेमका कोणता शब्द काढावा लागतो हे एकदा कळलं, की पेपर काढणाऱ्याने काढलेला शब्द लवकर दिसतो.

१०. दोन पर्यायांत अडकलो तर सोडून द्यायचं का?

नाही. राज्यसेवा पूर्वमध्ये एका प्रश्नाला २.५ गुण आणि चुकीला एक चतुर्थांश, म्हणजे ०.६२५ गुण वजा. दोन पर्याय खात्रीने उडवले असतील, तर उरलेल्या दोनांतला एक निवडणं सरासरीने फायद्याचंच ठरतं. निवडताना कमी दावा करणारा पर्याय घ्या. पण सरावात अशा प्रश्नापुढे एक फुली मारा. अंदाजाने बरोबर आलेलं उत्तरही वहीत चुकीसारखंच तपासायचं, नाहीतर ती दुबळी जागा गुणांच्या आड लपते.

११. 'कोणते अनुमान काढता येणार नाही' असं विचारलं की मी हमखास चुकतो.

कारण तुम्ही उताऱ्याच्या विरोधात जाणारा पर्याय शोधता. तसा पर्याय असेलच असं नाही. उताऱ्याने ज्याबद्दल काहीच म्हटलेलं नाही, असा पर्यायही 'काढता येणार नाही' मध्येच बसतो. म्हणून इथे तीन पर्यायांसाठी आधाराची ओळ शोधायची आणि जो बिनआधाराचा राहील तो निवडायचा.

१२. उत्तरतालिकेतलंच उत्तर पटत नसेल तर?

आधी बघा, हातात कोणती उत्तरतालिका आहे. आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवतो आणि नंतर अंतिम उत्तरतालिका येते. काही उत्तरं बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात. जुन्या पेपरांची उजळणी अंतिम उत्तरतालिकेवरच करा. छापील संचांतल्या उत्तरांवर विसंबू नका.

अंतिम उत्तरही पटलं नाही, तर त्या उत्तराच्या बाजूने तुम्हीच वकिली करा. उताऱ्यातली एक ओळ दाखवून चार वाक्यं लिहा. बऱ्याचदा लिहितानाच आपली निसटलेली ओळ सापडते. तरीही नाही सापडली, तर दोन दिवसांनी दुसऱ्या कोणाला तो प्रश्न उत्तर न सांगता द्या. त्यालाही तुमचंच उत्तर आलं आणि आधाराची ओळही तुमचीच आली, तर पानाच्या कोपऱ्यात 'वाद' असं लिहून तो प्रश्न बाजूला ठेवा. 'खोडलं', 'घातलं', 'काढलं' यांच्या मोजणीत तो धरायचा नाही.